कूलर उन्हाळ्यात विकायचा, पण बनवायचा कधी? हंगामी मालाच्या उत्पादन नियोजनाची पहिली आखणी

मे महिन्यात नागपुरात दुपारी बाराला रस्ते ओस पडतात, घरोघरी कूलरची घरघर चालू असते, आणि नेमक्या त्याच वेळी कूलरच्या कारखान्यातला ताण उतरायला लागलेला असतो. डीलरने माल फेब्रुवारी-मार्चमध्येच उचललेला असतो. कारखान्याचा उन्हाळा बाहेरच्या उन्हाळ्याच्या दोन महिने आधी येतो. हे ज्याला पहिल्या वर्षी कळत नाही, त्याची योजना कागदावर कितीही सुबक असली तरी एप्रिलमध्ये फसते.

वर्षभराच्या मागणीसाठी दर महिन्याला किती बनवायचं, किती माणसं ठेवायची आणि किती माल गोदामात साठवायचा, हे एकत्र ठरवण्याला ॲग्रिगेट प्लॅनिंग म्हणतात; मराठीत समग्र नियोजन म्हणू. त्याची दोन टोकं आहेत. चेस म्हणजे मागणीच्या मागे धावायचं: मागणी वाढली की माणसं वाढवायची, उतरली की कमी करायची, साठा करायचा नाही. लेव्हल म्हणजे वर्षभर एकाच चालीने बनवत राहायचं आणि चढउतार गोदामावर सोडायचा. नव्याने या कामाला बसलेल्या माणसासाठी एका मध्यम कारखान्याचं उदाहरण घेऊन सगळं गणित इथे करून दाखवतो. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण एकमेकांशी त्यांचं प्रमाण खऱ्या कामात दिसतं तसंच ठेवलं आहे.

आधी एकच माप ठरवा

कारखान्यात तीन मॉडेल आहेत: छोटा, मध्यम आणि मोठा डेझर्ट कूलर. या पातळीवर मॉडेलवार योजना करायची नसते. ते काम पुढे, महिन्याच्या वेळापत्रकात. इथे सगळ्यांना एका मापात आणायचं. छोट्याला दीड तास मजुरी लागते, मध्यमला दोन, मोठ्याला तीन. मध्यम कूलर म्हणजे एक नग धरला, तर छोटा पाऊण नग आणि मोठा दीड नग.

इथे नवशिके हमखास एक चूक करतात. अकाउंट्सकडून विक्रीचे रुपये मिळतात म्हणून रुपयांतच योजना मांडतात. मोठा कूलर महाग असतो तो मोठ्या मोटरमुळे आणि जास्त प्लास्टिकमुळे. मजुरी त्या प्रमाणात वाढत नाही. रुपयांत मोजलं की मोठ्या मॉडेलच्या महिन्यात माणसं जास्त दिसतात आणि छोट्याच्या महिन्यात कमी पडतात. ज्या गोष्टीची टंचाई आहे तिच्यात मोजा. आपल्याकडे ती मजुरीचे तास आहे.

एक कामगार महिन्याला २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास काम करतो. दोन तासाला एक नग, म्हणून एका कामगाराचे महिन्याला १०० नग. (दिवाळीच्या महिन्यात दिवस २५ भरत नाहीत. खऱ्या योजनेत प्रत्येक महिन्याचे कामाचे दिवस वेगळे लिहा. इथे सोपं राहावं म्हणून सारखे धरले आहेत.)

वर्ष जुलैपासून धरा

आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणून बरेच जण योजनाही एप्रिलपासून मांडतात. कूलरसाठी हे अगदी चुकीचं ठिकाण आहे, कारण एप्रिल हंगामाच्या ऐन मध्यात येतो. योजनेचं वर्ष साठा सर्वांत कमी असेल तिथून सुरू करायचं. जूनच्या मध्याला विदर्भात पाऊस पोचतो आणि कूलरची विक्री आटते. म्हणून १ जुलै ते ३० जून, आणि दोन्ही टोकांना साठा शून्याच्या जवळ.

पुढच्या तक्त्यातली मागणी म्हणजे कारखान्यातून डीलरकडे जाणारा माल. चेससाठी लागणारी माणसं तिसऱ्या रकान्यात, आणि ३१ माणसं कायम ठेवली तर महिन्याच्या शेवटी उरणारा साठा चौथ्यात.

| महिना | मागणी (नग) | चेस: कामगार | लेव्हल: शिल्लक साठा |
|---|---|---|---|
| जुलै | ५०० | ५ | २,६०० |
| ऑगस्ट | ५०० | ५ | ५,२०० |
| सप्टेंबर | ५०० | ५ | ७,८०० |
| ऑक्टोबर | ५०० | ५ | १०,४०० |
| नोव्हेंबर | १,००० | १० | १२,५०० |
| डिसेंबर | २,००० | २० | १३,६०० |
| जानेवारी | ४,००० | ४० | १२,७०० |
| फेब्रुवारी | ६,००० | ६० | ९,८०० |
| मार्च | ७,००० | ७० | ५,९०० |
| एप्रिल | ७,००० | ७० | २,००० |
| मे | ५,००० | ५० | १०० |
| जून | २,००० | २० | ० |

सरासरीवर विसंबू नका

वर्षाची मागणी ३६,००० नग. बाराने भागलं की महिन्याला ३,०००, म्हणजे ३० माणसं. मग तक्त्यात ३१ का?

३,००० च्या चालीने मेअखेर ११ महिन्यांत ३३,००० नग बनतात. मेअखेरची एकूण मागणी आहे ३४,०००. म्हणजे मे महिन्यात १,००० नगांसाठी डीलरना 'माल येतोय' असं सांगत बसावं लागतं, आणि तो माल येतो जूनमध्ये, पावसाबरोबर. वर्षाची बेरीज जुळते, पण ग्राहक थांबत नाही. मी पहिल्यांदा अशी योजना केली तेव्हा नेमकी हीच चूक केली होती. शीटच्या शेवटच्या ओळीत साठा शून्य आला म्हणून मी निर्धास्त होतो. मधल्या ओळीतलं उणे चिन्ह पाहिलंच नाही.

योग्य रीत अशी: प्रत्येक महिन्याअखेरची एकूण मागणी घ्या आणि तिला तोवर झालेल्या महिन्यांनी भागा. एप्रिलअखेर २९,००० भागिले १०, म्हणजे २,९००. मेअखेर ३४,००० भागिले ११, म्हणजे सुमारे ३,०९१. जूनअखेर ३,०००. यातला सर्वांत मोठा आकडा हीच लेव्हलची खरी चाल. ३,१०० धरले, म्हणून ३१ माणसं. जूनमध्ये १,९०० च नग लागतात. उरलेल्या वेळात मशिनची दुरुस्ती, साच्यांची साफसफाई आणि साठलेल्या रजा. पगार मात्र ३१ जणांचा पूर्ण.

शीटमध्ये यासाठी जास्त काही लागत नाही. B मध्ये मागणी, C मध्ये उत्पादन, D मध्ये साठा, E मध्ये कामगार असतील, आणि तिसरी ओळ जुलैची असेल, तर:

```
D3: =D2+C3-B3
F3: =MAX(0,E3-E2)
G3: =MAX(0,E2-E3)
```

F म्हणजे नव्याने घेतलेली माणसं, G म्हणजे कमी केलेली. दुसऱ्या ओळीत गेल्या जूनचा साठा आणि कामगार लिहा. D च्या रकान्यात उणे आकडा आला तर तो लाल दिसेल अशी सोय करून ठेवा.

साठ्याची किंमत कशी काढायची

याच आकड्यावर सगळा निर्णय फिरतो, आणि याच आकड्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. एक कूलर बनवायला ५,००० रुपये लागतात असं धरू. तो महिनाभर गोदामात ठेवला तर काय खर्च येतो?

पैसे अडकतात. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर महिन्याला ५० रुपये. जागा लागते. कूलर म्हणजे बहुतांश हवा भरलेला खोका. एकावर एक तीन रचले आणि ये-जा करायची वाट धरली, तर नगामागे साधारण २ चौरस फूट. भाडं चौरस फुटाला १५ रुपये धरलं तर ३० रुपये. विमा, हाताळणी, फूटतूट मिळून १० रुपये. एकूण नगामागे महिन्याला ९० रुपये.

लेव्हलच्या रकान्यातल्या साठ्याची बेरीज ८२,६०० होते. त्याला ९० ने गुणलं की ७४.३ लाख. ३१ माणसांचा वर्षाचा पगार, माणशी महिना २०,००० धरून, ७४.४ लाख. म्हणजे लेव्हलमध्ये माल सांभाळायचा खर्च माल जुळवणाऱ्यांच्या पगाराएवढाच. एकूण १४८.७ लाख.

हाही अंदाज कमीच आहे. गोदाम महिन्यामहिन्याने लहानमोठं होत नाही. डिसेंबरमध्ये १३,६०० नगांना २७,२०० चौरस फूट लागतात. तेवढं गोदाम वर्षाच्या कराराने घेतलं तर भाडंच सुमारे ४९ लाख होतं. वरच्या हिशेबात ते जवळपास निम्मंच धरलं आहे. शिवाय डिसेंबरअखेर ६.८ कोटी रुपये मालात अडकलेले असतात. बँकेने २५ टक्के मार्जिन कापलं तर १.७ कोटी मालकाच्या खिशातून यायला हवेत. लेव्हलच्या बऱ्याच योजना उत्पादन विभागात पास होतात आणि कॅश क्रेडिटच्या मर्यादेशी अडकतात. म्हणून साठ्याचा सर्वोच्च महिना काढून तो आकडा आधी वित्त विभागाला दाखवा, मगच पुढे जा.

पावसाळ्याचा एक खर्च तक्त्यात कधीच येत नाही. जुलै ते सप्टेंबरचा माल दमट हवेत पडून असतो. पुठ्ठ्याचे खोके मऊ पडतात, खालच्या थराचा खोका दबतो आणि अख्खी रास कलते. गवताचे पॅड ओल धरतात, वास येतो, कधी बुरशीही. म्हणून पावसाळ्यात बनवलेल्या नगांत पॅड न बसवता ते हंगामाआधी बसवावेत, आणि रास तीनऐवजी दोनचीच ठेवावी. दोनची रास म्हणजे जागा दीडपट, हे विसरू नका.

चेसचा हिशेब, आणि त्याच्या दोन भिंती

चेसमध्ये साठा नाही. कामगार-महिने ३६०, पगार ७२ लाख. ऑक्टोबरच्या ५ वरून मार्चला ७०, म्हणजे ६५ नवी माणसं. मग तितकीच कमी. एक माणूस आणायला, शिकवायला आणि सुरुवातीला त्याने वाया घालवलेल्या मालासाठी ८,००० रुपये, आणि निरोप देताना देणी व कागदपत्रं मिळून १०,००० धरू. १८,००० गुणिले ६५ म्हणजे ११.७ लाख. एकूण ८३.७ लाख.

१४८.७ विरुद्ध ८३.७. एवढा मोठा फरक का पडला, ते समजून घेणं आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे. ५,००० रुपयांच्या कूलरमध्ये मजुरी फक्त २०० रुपयांची आहे. बाकी मोटर, पंप, प्लास्टिक, खोका. ती २०० रुपयांची मजुरी वर्षभर सारखी वाटली जावी म्हणून आपण ५,००० रुपयांची वस्तू महिनोन्‌महिने सांभाळत बसतो. हे प्रमाण उलटं असतं तिथे लेव्हलच जिंकतो. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत काम गणपतीच्या कितीतरी महिने आधीपासून चालू असतं. तिथे माती स्वस्त आहे आणि डोळे रेखणारा हात दुर्मीळ. असा कारागीर श्रावणात जाहिरात देऊन मिळत नाही. कूलरमध्ये पंप बसवणारा माणूस महिन्याभरात तयार होतो.

मग चेसच घ्यायचा का? कागद हो म्हणतो, कारखाना नाही. पहिली भिंत वरची: आपल्या जुळवणी लाइनवर एका शिफ्टला २५ जागा आहेत, दोन शिफ्ट मिळून ५०. मार्चला ७० माणसं आणली तर २० जण उभे राहतील. तिसरी शिफ्ट चालवता येते, पण मग मोल्डिंग मशिनला देखभालीचा वेळ उरत नाही, आणि ऐन मार्चमध्ये ते बंद पडलं की सगळंच थांबतं. दुसरी भिंत खालची: मोटर, पंप, वायरिंग, पाणीगळती तपासणी, पॅकिंग मिळून लाइन चालवायला किमान १५ माणसं लागतात. ५ माणसांत लाइन चालत नाही, आणि ती पाच जणं पुढे ६५ नव्यांना शिकवूही शकत नाहीत.

या दोन भिंती शीटमध्ये लिहिल्या की चेस आणि लेव्हल यांतला वाद आपोआप मिटतो. खाली १५, वर ५०, आणि मध्ये जे बसेल ते.

मधली योजना बांधताना

जुलै ते नोव्हेंबर १५ माणसं कायम ठेवायची. त्यांचा पगार द्यायचाच आहे, मग त्यांना बनवू द्या. ५ महिन्यांत ७,५०० नग होतात, मागणी ३,०००, म्हणून नोव्हेंबरअखेर ४,५०० शिल्लक. मेअखेरपर्यंत एकूण ३४,००० लागतात. यापुढे दोन वाटा आहेत.

पहिली वाट: डिसेंबरपासून मेपर्यंत ४५ माणसं, जूनला परत १५. साठा जानेवारीअखेर सर्वांत जास्त, ७,५०० नग. एप्रिलअखेर १,००० आणि मेअखेर ५०० उरतात. वर्षभराच्या साठ्याची बेरीज ४०,०००, म्हणजे ३६ लाख. पगार ७२ लाख. ३० माणसं आणणं-सोडणं ५.४ लाख. एकूण ११३.४ लाख.

दुसरी वाट: डिसेंबरही १५ वर काढायचा, जानेवारी ते मे थेट ५०, जूनला २०. साठ्याची बेरीज २९,५००, म्हणजे २६.६ लाख. आणणं-सोडणं ३५ जणांचं, ६.३ लाख. एकूण साधारण १०४.९ लाख.

दुसरी साडेआठ लाखांनी स्वस्त आहे. तरी मी पहिली घेईन. दुसऱ्या वाटेत एप्रिलअखेर साठा शून्य, मेअखेर शून्य, आणि दोन्ही शिफ्टच्या सगळ्या जागा भरलेल्या. मार्च जरा जास्त तापला आणि मागणी वाढली, तर वाढवायला काहीच उरत नाही. पहिल्या वाटेत ५ रिकाम्या जागा आणि थोडा साठा हाताशी राहतो. साडेआठ लाख ही त्या मोकळीकीची किंमत. तुमच्या कारखान्यात एक विक्री हुकल्याचं नुकसान किती, यावर ती महाग की स्वस्त ते ठरेल. नगामागे १,००० रुपये सुटत असतील तर ८५० नग हुकले की हिशेब बरोबरीत येतो, आणि ८५० म्हणजे एप्रिलच्या मागणीचा साधारण आठवा हिस्सा.

साठा, ओव्हरटाइम आणि नवा माणूस यांची तुलना नगामागे करून ठेवली की असे निर्णय पटकन होतात. ओव्हरटाइमला दुप्पट दर द्यावा लागतो. तासाला १०० चे २०० झाले, दोन तासांचा नग, म्हणजे नगामागे २०० रुपये जादा. हा खर्च गोदामातल्या दोन महिन्यांहून थोड्या जास्त मुक्कामाएवढा आहे. सहा महिन्यांसाठी घेतलेला माणूस ६०० नग बनवतो. त्याचा आणण्या-सोडण्याचा खर्च १८,०००, म्हणजे नगामागे फक्त ३० रुपये, गोदामातल्या दहा दिवसांएवढा. म्हणून आमच्या आकड्यांत आधी माणूस, मग दोन महिन्यांपर्यंतचा साठा, मग ओव्हरटाइम. आणि सात महिने आधी माल बनवून ठेवणं सगळ्यात शेवटी. तुमच्या आकड्यांत क्रम वेगळा येऊ शकतो, पण तो काढल्याशिवाय योजना करू नका.

योजना कुठे फुटते

पहिली फट शिकाऊपणाची. डिसेंबरला आलेले ३० नवे पहिल्या महिन्यात ७० टक्केच काम करतात असं धरलं, तर ९०० नग कमी बनतात. शीटमध्ये घालून पाहा: एप्रिलअखेर १,००० च्या जागी १००, आणि मेअखेर ५०० च्या जागी उणे ४००. म्हणजे सुरक्षित वाटणारी पहिली वाटही फुटली. उपाय म्हणजे १,८०० तासांचा ओव्हरटाइम. जानेवारी ते मार्च ४५ जणांत वाटला तर माणशी महिना साधारण १३ तास, खर्च ३.६ लाख. तो आधीच योजनेत घाला, म्हणजे एप्रिलमध्ये धावपळ करावी लागणार नाही. डिसेंबरच्या पंधरा तारखेला रोजचे नग मोजा. नव्यांची लाइन तोवर ६० टक्क्यांच्या खाली असेल, तर नुकसान ९०० वर थांबणार नाही.

१९५५ मध्ये हर्बर्ट सायमन, फ्रँको मोदिग्लियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्गच्या एका रंगाच्या कारखान्यासाठी याच प्रश्नाचं गणिती उत्तर मांडलं होतं. त्यात माणसं वाढवण्या-घटवण्याचा खर्च त्यांनी सरळ रेषेत धरला नव्हता. बदल दुप्पट तर खर्च चौपट, अशा वक्रात धरला होता. शॉप फ्लोअरवर हे लगेच पटतं. ५ नवे आले तर जुने पंधरा त्यांना सहज सांभाळतात. ३० आले की एका जुन्या माणसामागे दोन शिकाऊ, आणि त्याचं स्वतःचं कामही बसतं. म्हणून ३० एकदम न घेता १५ जण नोव्हेंबरच्या मध्याला आणि १५ जण डिसेंबरला घेणं बरं. पगार थोडा जास्त जातो, पण लाइन कोलमडत नाही.

दुसरी फट माणसं कुठून येतात याची. योजनेत 'डिसेंबर: ३० भरती' लिहिणं सोपं आहे, पण विदर्भात त्याच दिवसांत कापसाची वेचणी चालू असते आणि मजूर शेतावर असतो. मार्चमध्ये होळीला परगावचे कामगार गावी जातात. आठवड्याचं म्हणून गेलेला पंधरा दिवसांनी येतो. मे महिन्यात गोंदिया-गडचिरोलीकडची माणसं तेंदूपत्त्याला जातात. म्हणून मार्चच्या ओळीत ४५ माणसांचे ४,५०० नग लिहू नका. हजेरीपटावरून गेल्या वर्षीच्या मार्चची खरी हजेरी काढा आणि ती घाला. ठेकेदाराचा शब्द हा आकडा नाही.

तिसरी फट मागणीची. डीलरने उचललेला माल म्हणजे विकला गेलेला माल नव्हे. आगाऊ बुकिंगची सूट दिली की डिसेंबरचे आकडे फुगतात, मालक खूश होतो, आणि मार्चमध्ये ऑर्डर येत नाहीत, कारण माल डीलरच्या दुकानातच पडून असतो. सूट देणं चूक नाही. फेब्रुवारीत जाणारा नग नोव्हेंबरमध्ये गेला तर आपले तीन महिन्यांचे २७० रुपये वाचतात. तेवढ्यापर्यंत सूट देणं परवडतं. मात्र हे तेव्हाच खरं, जेव्हा तो नग आधीच बनून गोदामात पडलेला असतो. चेसच्या जवळ जाणाऱ्या योजनेत नोव्हेंबरमध्ये माल नसतोच, मग सूट देऊन आपण उलट ओव्हरटाइम ओढवून घेतो. विक्री विभाग सूट जाहीर करण्याआधी त्या महिन्याच्या शिल्लक साठ्याचा आकडा त्यांच्या हातात द्या. आणि दर पंधरवड्याला दहा-बारा डीलरना फोन करून दुकानात किती नग पडून आहेत ते लिहून घ्या. हा आकडा कुठल्याही संगणकात मिळत नाही.

फेब्रुवारीअखेर पुन्हा बसा

जुलैमध्ये केलेली योजना जूनपर्यंत तशीच चालवायची नसते. हवामान विभाग मार्च ते मेच्या तापमानाचा अंदाज साधारण फेब्रुवारीच्या अखेरीस देतो. पहिल्या वाटेत तेव्हा ६,००० नग साठ्यात असायला हवेत (नव्यांचं नुकसान ओव्हरटाइमने भरून निघालं असेल तर) आणि १४,००० ची मागणी मार्च-एप्रिलमध्ये बाकी असते. म्हणजे ८,००० नग अजून बनायचे आहेत, आणि तेवढ्यांवर निर्णय बदलता येतो. लेव्हलवाल्याकडे त्याच दिवशी ९,८०० नग तयार असतात. त्याने उन्हाळ्यावरची पैज जुलैपासूनच लावलेली असते.

या बैठकीत आधी मोटरचा प्रश्न काढा. माणसं पंधरा दिवसांत वाढवता येतात, पण मोटर आणि पंपाचा पुरवठादार फेब्रुवारीत सगळ्याच कूलरवाल्यांच्या ऑर्डरखाली दबलेला असतो. मोटर येणार नसेल तर माणसं वाढवणं म्हणजे त्यांना बसवून पगार देणं. पुरवठादाराकडून मार्च-एप्रिलचा लेखी कोटा घ्या आणि शीटमध्ये माणसांच्या रकान्याशेजारी मोटरचा रकाना ठेवा. दोन्हीतला लहान आकडा हेच त्या महिन्याचं उत्पादन.

एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आला, सलग आठवडाभर ढग राहिले आणि डीलरनी ऑर्डर थांबवल्या, तर मेच्या मध्यापर्यंत वाट पाहू नका. उरलेला एक नग जूनपासून पुढच्या जानेवारीपर्यंत ठेवला तर सात-आठ महिन्यांचे साडेसहाशे-सातशे रुपये त्यावर चढतात. त्यापेक्षा कमी सूट देऊन तो मेमध्येच निघत असेल तर काढा. हंगामी माणसांची मुदत आठवडाभर आधी संपवणंही याच वेळी ठरतं. त्यासाठी ठेकेदाराच्या करारात मुदतीआधी थांबवण्याचं कलम नोव्हेंबरमध्येच घातलेलं हवं.

३० जूनला गोदाम मोजा. शीटमधल्या साठ्यात आणि प्रत्यक्ष मोजलेल्या नगांत तफावत असेल तर ती कुठल्या महिन्यात पडली ते शोधा, आणि मोजलेला आकडाच नव्या वर्षाच्या दुसऱ्या ओळीत, D2 मध्ये लिहा.